नव्या घराची चावी देताना: कौलापासून अर्थिंगपर्यंत पाण्याचा माग

भाऊ, वहिनी, चावी तुमच्या हातात दिली तेव्हा अंगणात इतकी माणसं होती की नीट बोलता आलं नाही, म्हणून हे सगळं लिहून देतोय. एकदा दोघांनी बसून वाचा आणि मग डीबीच्या, म्हणजे सगळे स्विच असलेल्या मेन पेटीच्या, बाजूच्या कपाटात फाइलमध्ये ठेवा, कारण याची गरज लागेल ती नेमकी रात्री, पाऊस कोसळत असताना.

घराची निगा म्हटली की लोक छप्पर वेगळं, भिंत वेगळी, वायरिंग वेगळं असं धरतात, छपराला कौलवाला बोलवायचा आणि लाइटला इलेक्ट्रिशियन. आपल्या गोव्यात ते तसं चालत नाही. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तुमची मागची सपाट टेरेस फक्त ४०० चौरस फुटांची आहे, पण तिच्यावर एका वर्षात लाखभर लिटरच्या वर पाणी पडणार. ते पाणी कौलावरून पन्हळीत, पन्हळीतून गटारात गेलं तर काही प्रश्न नाही. पण वाटेत कुठे अडलं की ते आत शिरतं, आणि आत शिरलेल्या पाण्याला सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे आम्हीच स्लॅबमध्ये टाकलेले वायरिंगचे पाइप. म्हणून मी हे वरून खाली, पाणी जसं उतरतं त्याच क्रमाने लिहितोय.

आधी एका घराची गोष्ट

सत्तरी तालुक्यात मी काही वर्षांपूर्वी एक घर बांधलं, तुमच्यासारखंच, चिऱ्याच्या भिंती, उतरता स्लॅब, वर मंगलोरी कौलं. तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैमध्ये तिथे आरसीसीबी पडायला लागला. आरसीसीबी म्हणजे डीबीतला तो टेस्टचं बटण असलेला रुंद स्विच, करंट कुठेतरी गळायला लागला की सगळं बंद करणारा. गंमत अशी की पाऊस चालू असताना तो पडायचा नाही, मोठी सर येऊन गेल्यावर दोन-तीन तासांनी पडायचा, आणि दोन दिवस ऊन पडलं की सगळं ठीक. घरच्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने आरसीसीबी बदलला, चार दिवसांनी परत तेच. मग फ्रिज खराब असेल म्हणून फ्रिज बंद ठेवला. शेवटी कोणीतरी वैतागून आरसीसीबीला बायपास करून वायर सरळ जोडून टाकली, आणि दोन दिवसांनी घरातल्या बाईचा हात बेडरूमच्या स्विचबोर्डच्या स्क्रूला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तेव्हा मला फोन आला.

मी गेलो तेव्हा सिलिंगवर ओलीचा एकही डाग नव्हता, म्हणूनच तोवर कोणाला पाण्याचा संशय आला नव्हता. पहिल्यांदा बायपास काढला. मग सगळे एमसीबी, म्हणजे डीबीतले एकेका सर्किटचे छोटे स्विच, खाली पाडून एकेक वर करत गेलो, आणि गोंधळ असा की बेडरूमच्या लाइटचा एमसीबी खाली असतानाही, बाकीचा लोड चालू केला की आरसीसीबी पडायचा. याचं कारण नीट समजून घ्या, कारण इथेच बरेच इलेक्ट्रिशियन चुकतात. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रलची वायर ओलीतून अर्थला लागली असेल तर एमसीबी पाडूनही गळती चालूच राहते. मग डीबीत न्यूट्रलच्या वायरी एकेक सुट्या केल्या आणि बेडरूमची सुटी केल्याबरोबर आरसीसीबी उभा राहिला.

त्या सर्किटच्या फेजवर मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला तर रीडिंग आलं ०.०१ मेगाओम, म्हणजे १० हजार ओम. नव्या वायरिंगला किमान १ मेगाओम तरी हवा आणि चांगल्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतो. फेजला अशी ओल असेल तर हिशोब सोपा आहे, २३० व्होल्ट भागिले १० हजार म्हणजे २३ मिलीअँपिअर. घरातला आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा असला तरी तो १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो, तसाच बनवलेला असतो. म्हणजे आरसीसीबी खराब नव्हताच, तो आपलं काम करत होता आणि त्याला शिक्षा झाली.

मग पंख्याचा कप खाली घेऊन सिलिंगमधला फॅनबॉक्स उघडला. त्यातून चमचाभर गंजलेलं, चहासारखं पाणी हातावर आलं. स्विचबोर्ड उघडला तर आत तांब्याच्या टोकांवर हिरवा थर. पाणी पाइपातून फॅनबॉक्सात आणि तिथून भिंतीतल्या पाइपाने स्विचबोर्डात उतरत होतं, सिलिंगच्या प्लास्टरला ते लागतच नव्हतं, मग डाग कुठून दिसणार.

वर चढल्यावर मूळ सापडलं, आणि ते फॅनबॉक्सच्या डोक्यावर नाही तर बारा फूट लांब. फणसाची फांदी पडून एक कौल फुटलं होतं. त्याखाली पालापाचोळा साचून पाण्याची वाट बंद झाली होती, त्यामुळे स्लॅबवर पाणी तुंबायचं. आणि तिथेच डिश अँटेना लावणाऱ्याने स्लॅबला भोक पाडून अँकर ठोकला होता. पाणी तुंबून त्या भोकाच्या उंचीला यायला, मग भोकातून पाइपात आणि पाइपातून बॉक्सात यायला जो वेळ लागतो ते ते दोन-तीन तास.

पावसात पक्कं काम होत नाही, म्हणून तेव्हा पाला काढला, कौल बदललं, वर ताडपत्री बांधली, पाइपातल्या वायरी ओढून काढून नव्या घातल्या, बॉक्स बदलले. मेगर परत लावला तर ५० च्या वर. भोक बुजवून वॉटरप्रूफिंगचं काम दिवाळीनंतर स्लॅब सुकल्यावर केलं. एक कौल आणि एक भोक, एवढ्यावरून हे सगळं. आता तुमच्या घराकडे येऊ.

कौलं

तुमच्या पुढच्या भागावर उतरता स्लॅब आहे, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर सिमेंटच्या आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर कौलं. कौलाखाली थोडंफार पाणी जाणारच, वाऱ्याची झड आली की जातंच, त्यासाठीच पट्ट्यांमध्ये दर तीन फुटांवर खाच ठेवलीय, तिथून ते पाणी खाली वळचणीला येतं. त्या खाचा बुजल्या की सत्तरीतल्या घरासारखं तळं होतं.

काम करायची वेळ एप्रिलच्या मध्यापासून २० मेपर्यंत. आपल्याकडे पुरुमेंताची खरेदी सुरू झाली, म्हणजे सुकी मासळी, मिरची, कोकमं घरात यायला लागली, की समजायचं छपराची पण वेळ झाली. मिरग लागायची वाट बघत बसू नका, तेव्हा कौलवाला कोणालाच मिळत नाही.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा खालूनच, अंगणातून, दुर्बीण असेल तर दुर्बिणीने नाहीतर मोबाइलवर झूम करून, एकेक ओळ बघा. कौलांची ओळ सरळ दिसायला हवी, कुठे वर उचललेली किंवा सरकलेली दिसली तर तिथे लक्ष. माकडांची टोळी येऊन गेली की दुसऱ्याच दिवशी ही पाहणी करा, मे असो की डिसेंबर, कारण ती कौलं फोडतात त्याहून जास्त सरकवतात, आणि सरकलेलं कौल खालून चटकन लक्षात येत नाही.

मग वर माणूस चढवायचा, तुम्ही स्वतः चढू नका भाऊ, खरंच सांगतो. कौलाच्या मधोमध पाय दिला की ते फुटतं, आणि फुटलेलं लगेच कळतही नाही, बारीक चीर जाते आणि जूनमध्ये गळते. जिथे वरचं कौल खालच्यावर चढतं आणि खाली पट्टी असते तिथेच पाय द्यायचा, आणि जास्त फिरायचं असेल तर फळी टाकून. नवीन माणूस असेल तर हे त्याला आधी सांगा, वर चढल्यावर नाही.

त्याने तीन जागा नक्की बघायच्या. एक, आढ्यावरची कोन्याची कौलं, त्यांच्या सांध्यातलं सिमेंट उन्हाने तडकतं. तडा गेला असेल तर वरून सिमेंटचं पाणी फासून उपयोग नाही, तो पापुद्रा एका उन्हाळ्यात निघतो, सैल झालेलं सिमेंट खरवडून काढून पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर भरायचं. दोन, व्हॅली, म्हणजे दोन उतार जिथे एकमेकांना मिळतात तो कोन. तुमच्या घराला ती एकच आहे, देवखोलीच्या वर, आणि बाजूच्या आंब्याचा सगळा पाला तिथेच येणार. आत अॅल्युमिनियमचा पत्रा आहे, तो हाताने पाला काढून साफ करायचा, पावडं किंवा कोयता लावायचा नाही, ओरखड्यातून पत्र्याला भोकं पडायला वेळ लागत नाही. तीन, वळचणीच्या खाचा. खालची एक ओळ कौलं उचलून बघायची आणि वरून बादलीभर पाणी ओतायचं, पाणी खाली लगेच आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर मधे कुठेतरी पाला आहे.

फुटलेलं कौल बदलायचंच, त्यावर डांबर किंवा सिमेंट लावून चालवू नका. मागच्या शेडमध्ये ४० कौलं ठेवलीयत, ती त्याच कंपनीची आणि त्याच साच्याची आहेत, ती कोणाला देऊ नका. कौलं सगळी सारखी दिसतात पण एका कारखान्याची खाच दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि पाच-सहा वर्षांनी हाच साचा बाजारात मिळेल याची खात्री नाही.

सपाट टेरेस

इथे सांगायचं थोडं आहे पण ते पक्कं पाळा. टेरेसच्या पृष्ठभागावर कोणालाही ड्रिल मारू देऊ नका. डिशवाला, सोलरवाला, कपड्यांची दोरी बांधणारा, वर पत्र्याची शेड घालून देतो म्हणणारा, सगळे येतील आणि प्रत्येक जण सांगेल की एवढंसं भोक, आम्ही सिलिकॉन भरतो. डिश लावायची तर पॅरापेटच्या आतल्या उभ्या बाजूला, फूटभर वर. शेड घालायचीच असली तर आधी मला बोलवा, खांबासाठी उंच चौथरे कुठे घ्यायचे ते मी दाखवतो.

पाणी बाहेर जायला दोन आउटलेट आहेत, जाळीसकट. जाळी काढून ठेवू नका. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा वर जाऊन जाळीभोवतीचा पाला आणि शेवाळ हाताने काढा, पाच मिनिटांचं काम आहे. दोनपैकी एक तुंबला तरी दुसरा चालतो म्हणून लोकांना कळत नाही, आणि दुसराही तुंबला की टेरेसवर चार बोटं पाणी आणि ते सगळं वजन आणि ओल स्लॅबवर. सर थांबल्यावर अर्ध्या तासाने बघायचं, कुठे हाताच्या पंज्याएवढं पाणी राहिलं तर चालेल, त्यापेक्षा मोठं डबकं दर वेळी त्याच जागी दिसलं तर फोटो काढून ठेवा, उन्हाळ्यात तिथला उतार दुरुस्त करू.

चावी देण्याआधी आम्ही टेरेसवर तीन दिवस पाणी भरून ठेवलं होतं, वहिनींनी खालून बघितलंय, थेंब आला नाही. पण वॉटरप्रूफिंगचा वरचा थर उन्हाने जुना होतोच. माझ्या अनुभवात चार-पाच वर्षांनी वरचा कोट परत मारावा लागतो, आणि तो मार्च-एप्रिलमध्ये, टेरेस पूर्ण सुकलेली असताना. मेच्या शेवटी ढग बघून घाईत मारलेला कोट पुढच्याच वर्षी पापड होऊन निघतो, ओल खाली अडकलेली असते.

भिंती

पहिल्या वर्षी प्लास्टरला बारीक केसासारख्या रेघा येतील, जाळ्यासारख्या. घाबरू नका, प्लास्टर सुकताना आकसतं त्याच्या त्या रेघा. लगेच भरूही नका, एक पावसाळा जाऊ द्या. ज्या चिरेत नख जातं, किंवा जी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाते, तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. दोन महिन्यांनी चीर रेघेच्या पुढे गेली असेल तर मला कळवा, तिथेच थांबली असेल तर दिवाळीनंतर भरून रंग मारून टाकू.

चिरा पाणी पितो, हे तुम्हाला सांगायला नको. आणि आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणजे तुमच्या बाल्कावाच्या उजव्या हाताची भिंत सगळ्यात जास्त भिजणार. तिथल्या बाहेरच्या रंगावर लक्ष ठेवा, पावसानंतर बाकीची भिंत सुकूनही एखादा पट्टा दोन दिवस काळपट राहिला तर तिथून पाणी आत जातंय. जुनी माणसं त्या बाजूला माडाच्या चुडतांची झड बांधायची, ते अजूनही उत्तम आहे, दिसायला बरं वाटणार नाही म्हणून सोडू नका.

आत ओल दिसली तर ती कुठे आहे त्यावरून कारण कळतं. सिलिंगजवळ असेल तर वरून. खिडकीच्या बाजूला किंवा खाली असेल तर बहुतेक स्लाइडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं बुजलीयत, जुना टूथब्रश घेऊन साफ करा. जमिनीपासून एक-दोन फुटांपर्यंत असेल आणि त्यावर मिठासारखी पांढरी पूड येत असेल तर पाणी खालून चढतंय, आणि त्याचं कारण नव्या घरात बहुतेक वेळा बाहेरची बाग असते. वहिनींना जास्वंद आणि अबोली भिंतीलगत लावायचीय ते माहितीय मला, लावा, पण भिंतीपासून दोन फूट सोडून, आणि माती जोत्याच्या वरच्या पातळीपासून किमान सहा इंच खाली राहू दे. भिंतीलगत खणलं की वाळवीसाठी मारलेलं औषधही हलतं, ते दुसरं नुकसान. ओल असताना त्यावर ऑइल पेंट मारून झाकू नका, ओल अडते ती दुसरीकडून बाहेर येते, बहुतेक स्विचबोर्डाच्या खोबणीतून.

वायरिंग

डीबीच्या दाराच्या आत मी चार्ट चिकटवलाय, कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा ते मराठीत. दोन आरसीसीबी आहेत, डावा लाइट-पंख्यांचा, उजवा गिझर, एसी, पंप आणि स्वयंपाकघराचा. दोन मुद्दाम ठेवले, म्हणजे पंपाकडे काही झालं तरी घरात अंधार होणार नाही.

दर महिन्याला एक दिवस ठरवा, समजा लाइटबिल येतं त्या दिवशी, आणि वीज चालू असताना दोन्ही आरसीसीबींचं टेस्ट बटण एकदा दाबा. खटकन पडला पाहिजे. पडला की परत वर करा, झालं. दाबून पडला नाही तर बटण धरून ठेवू नका, परत परत दाबत बसू नका, त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा, कारण तो आतून अडकलाय आणि शॉक बसायच्या वेळीही पडणार नाही. समुद्राकडच्या दमट हवेत वर्षभर न हललेले आरसीसीबी अडकतात, महिन्यातून एकदा हलवण्याचं हेही कारण आहे.

आता पावसात आरसीसीबी पडलाच तर काय करायचं:

१. पायात कोरड्या चपला, हात कोरडे. त्या आरसीसीबीखालचे सगळे एमसीबी खाली करा.
२. आरसीसीबी वर करा. उभा राहिला तर एकेक एमसीबी वर करत जा, मधे दहा-पंधरा सेकंद थांबून. ज्याला पडेल तो गुन्हेगार, तो खाली ठेवून बाकी घर चालवा.
३. बाहेरचे लाइट आणि पंप पहिल्यांदा तपासा. गेटचा दिवा, बागेचा दिवा, विहिरीवरचा पंप, पावसात दहापैकी बहुतेक वेळा तिथेच पाणी शिरलेलं असतं, म्हणून त्यांचा एमसीबी वेगळा ठेवलाय, त्यावर लाल टेप आहे.
४. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी उभा राहत नसेल, किंवा कुठल्या एमसीबीने पडतो त्याचा मेळच लागत नसेल, तर तुम्ही थांबा. हे न्यूट्रलचं प्रकरण आहे, वर सांगितलं तसं. इलेक्ट्रिशियनला सांगा की न्यूट्रल सुटे करून मेगर लाव, आणि किती रीडिंग आलं ते लिहून घ्या.
५. सर येऊन गेल्यावर उशिरा पडत असेल तर इलेक्ट्रिशियनबरोबर कौलवाल्यालाही बोलवा.

कोणीही, कितीही जवळचा माणूस असो, बायपास करून देतो म्हणाला तर नको म्हणा. रात्रभर पंखा नसला तरी चालेल. कारण सांगतो. तुमच्या अर्थिंगचं रीडिंग मार्चमध्ये ४ ओमच्या आसपास आलंय, म्हणजे चांगलं आहे. तरीसुद्धा २३० भागिले ४ म्हणजे साधारण ५७ अँपिअर. गिझरची बॉडी लाइव्ह झाली तर एवढाच करंट अर्थमध्ये जाणार, आणि २० अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, त्याला गरम व्हायला काही सेकंद लागतात, कधी जास्त. आरसीसीबी एका सेकंदाच्या छोट्या हिश्श्यात पडतो. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत माणसाला वाचवणारा तोच आहे, एमसीबी वायरीला वाचवतो.

अर्थिंगचा खड्डा तुळशीच्या मागे आहे, चौकोनी झाकणाचा. तांबडी जमीन मेमध्ये भाजून निघते आणि कोरडी माती करंट नेत नाही, म्हणून मार्चपासून पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी ओता. झाकणावर कुंडी ठेवू नका. वर्षातून एकदा झाकण उघडून क्लॅम्प बघा, पांढरा-हिरवा थर चढला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून घासून, आवळून, वर ग्रीस लावून घ्या. आणि अर्थचं रीडिंग मेमध्येच घ्यायला सांगा, ऑगस्टमध्ये कुठलंही अर्थिंग छान दिसतं.

डीबीत उजव्या टोकाला एसपीडी आहे, विजेच्या कडकडाटात वायरीतून येणारा झटका तो जमिनीत सोडतो. त्याच्यावर एक छोटी खिडकी आहे, ती हिरवी असायला हवी, लाल झाली की त्याचं काम संपलं, बदलायचा. मेमधल्या वळवाच्या पावसानंतर आणि परत ऑक्टोबरमध्ये बघा, आपल्याकडे विजा त्याच दोन वेळी जास्त. तो असला तरी गडगडाट सुरू झाला की टीव्ही आणि इंटरनेटच्या बॉक्सच्या पिना काढून ठेवा, अगदी जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचंही चालत नाही.

इन्व्हर्टर तुम्ही नंतर बसवणार आहात. बसवायला येईल त्याला एवढंच ठणकावून सांगा की इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल वेगळा काढलेला आहे, पिवळी खूण असलेल्या वायरी, तो बाकी न्यूट्रलमध्ये मिसळायचा नाही. मिसळला तर आरसीसीबी लगेच पडायला लागेल आणि तो म्हणेल तुमचा आरसीसीबी खराब आहे. आणि घरात सगळ्यांना माहीत असू द्या की मेन बंद केलं तरी इन्व्हर्टरवरच्या पॉइंटमध्ये करंट असतो, बल्ब होल्डरला हात लावायच्या आधी इन्व्हर्टरपण बंद.

पेनड्राइव्हमध्ये प्रत्येक खोलीचे फोटो आहेत, स्लॅब भरायच्या आणि प्लास्टरच्या आधी काढलेले, पाइप कुठून गेलेत ते त्यात दिसतं, भिंतीवर टेप धरून काढलेत म्हणून अंतरही कळतं. खिळा ठोकायचा असो की फोटोफ्रेम लावायची असो, आधी तो फोटो बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीच ड्रिल मारायचं नाही.

पहिला पावसाळा

या वर्षी एक काम माझ्यासाठी करा. मिरगाची पहिली मोठी सर येऊन गेली की दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन घरभर फिरा. प्रत्येक खोलीचं सिलिंग, खिडक्यांचे खालचे कोपरे, आणि पंख्याच्या कपाभोवतीची कड. कपाभोवती तपकिरी रेघ दिसली तर त्या खोलीचा एमसीबी खाली करा आणि मला फोन करा, रात्र असली तरी. जुलैच्या मध्यात मी स्वतः येतो मेगर घेऊन, चवथीच्या आधी सगळ्या सर्किटांचं रीडिंग घेऊन चार्टवर लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या वर्षी कुठल्याही इलेक्ट्रिशियनला त्याच्याशी ताडून बघता येईल.

दिवाळीपर्यंत ज्या ज्या जागी ओल, चीर, डबकं दिसेल तिचा फोटो तारखेसकट ठेवा, नोव्हेंबरमध्ये भिंती सुकल्या की एका फेरीत सगळं करून देतो. शिडी शेडमध्ये आहे, तिची कुलपाची चावी डीबीच्या कपाटात वरच्या खिळ्याला टांगलीय.